नदीचा अभंग लिहिताना

आधी एक चौक पाहा. हा मी मुद्दाम, नमुना म्हणून रचला आहे.

नदी ही आपुली । ठेवा रे निर्मळ ।
टाकू नका मळ । पाण्यामध्ये ॥

मोजून पाहिलं तर यात काही उणं नाही. पहिली तीन चरणं सहा-सहा अक्षरांची, चौथं चार अक्षरांचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळलेलं. मोठ्या अभंगाचा साचा हाच. सांगितलेलं खरं आहे आणि हेतूही चांगला आहे. तरीही हा चौक टाळ-मृदंगाच्या साथीला लागत नाही. शाळेच्या भिंतीवर तो शोभेल, नगरपालिकेच्या फलकावर शोभेल. भजनात मात्र तो तोंडात घोळत नाही.

कारण शोधायचं तर त्याची क्रियापदं पाहावीत. ‘ठेवा’, ‘टाकू नका’. ही माणसांना उद्देशून आहेत. नदी समोर वाहते आहे आणि कवी तिच्याकडे पाठ करून घाटावरच्या गर्दीशी बोलतो आहे. स्तुतीचा अभंग देवाशी बोलतो. गर्दीच्या कानावर तो पडतो, पण बाजूने. ऐकणाऱ्याला वाटतं की आपण दुसऱ्या कुणाचं तरी जवळचं बोलणं ऐकतो आहोत, म्हणून तो कान देतो. त्याच्याकडे बोट दाखवलं की तो अंग चोरतो.

नदी, झाड, माती यांच्यावर भक्तिपर रचना करणारे आज पुष्कळ आहेत. भजनी मंडळांतून, दिवाळी अंकांतून, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून अशा रचना येतात. त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या चौकात व्याख्यान होऊन बसतात. ते कुठे आणि कसं होतं, हे एकच अभंग रचत पाहू. नदी घेऊ कृष्णा, कारण तिच्याकडे देण्यासारखं पुष्कळ आहे.

रचनेआधी नदी

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून कृष्णा पडते. खाली उतरून धोमच्या धरणात साठते, मग वाईच्या घाटांवर येते. वाईत तिला ‘कृष्णाबाई’ म्हणतात आणि घाटाघाटाचा तिचा उत्सव वेगळा असतो. संगम माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना. पुढे सांगलीवरून ती शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला येते. तिथे पंचगंगा तिला मिळते आणि काठावर औदुंबराखाली दत्ताच्या पादुका आहेत.

हे सगळं अभंगात कोंबायचं नाही. पण लिहिणाऱ्याला ते ठाऊक असलं पाहिजे. ‘पावन’, ‘पवित्र’, ‘माता’, ‘जीवनदायिनी’ ही विशेषणं कुठल्याही नदीला लागतात, आणि जी सगळ्यांना लागतात ती एकीलाही नीट बसत नाहीत. संतांचा विठ्ठल कटेवर हात ठेवून विटेवर उभा आहे. इतका नेमका तो आहे म्हणून डोळ्यांपुढे येतो. नदीलाही तिची वीट हवी. माझ्या मते नदीवरच्या रचना फसतात त्या बहुतेक इथेच. तपशील नसला की पोकळी राहते आणि ती उपदेशाने भरली जाते. ज्याच्याजवळ नदीविषयी सांगण्यासारखं काही नसतं, तो माणसांना काहीतरी सांगू लागतो.

म्हणून आधी काठावर जाऊन तिची चार कामं टिपून आणावीत. तिने काय आणलं, काय नेलं, कुठे चढली, कुणाला भिजवलं. नाम आणि विशेषण मागाहून सुचतात. देव क्रियापदांत दिसतो.

पहिला चौक

पहिल्यांदा मी असं लिहिलं होतं:

कृष्णाबाई तुझ्या । पायरीशी आलो ।
ओंजळीने प्यालो । आभाळही ॥

अक्षरं बरोबर आहेत. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं, म्हणून ‘कृ-ष्णा-बा-ई-तु-झ्या’ सहा भरतात. अभंगात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब नसतो, फक्त अक्षरं मोजायची. कल्पनाही सुंदर आहे. ओंजळीतल्या पाण्यात आभाळ दिसतं आणि पाण्याबरोबर तेही पोटात जातं.

पण ओळ खोटी आहे. आज शहरातल्या घाटावर ओंजळ भरून पाणी पिणारा विरळा. भाविकही हात-पाय धुतात, डोळ्यांना बोटं लावतात आणि थांबतात. जुन्या स्तोत्रांत नदीचं पाणी प्यालं जातं म्हणून आपण तसं लिहिलं तर ऐकणाऱ्याला ते कळतं. तो बोलून दाखवत नाही, पण त्या ओळीवर त्याची मान हलत नाही. भक्तीची रचना अतिशयोक्ती पेलते, खोटी साक्ष पेलत नाही.

इथे दोन वाटा फुटतात. एक थेट व्याख्यानात जाते: ‘प्यावे असे पाणी आता उरले नाही, कोणी हे केले?’ दुसरी वाट माणूस आज खरोखर काय करतो तेवढंच सांगते.

कृष्णाबाई तुझ्या । पायरीशी आलो ।
घोट्याशीच न्हालो । तृप्त तरी ॥

‘घोट्याशीच’मधला ‘च’ सगळं सांगतो. पूर्वी बुडी मारायचो, आता घोटाच भिजवतो. का, ते सांगितलेलं नाही. ज्याला कृष्णा ठाऊक आहे त्याला ते सांगावं लागत नाही. आणि ‘तृप्त तरी’ म्हटल्यावर तक्रारीचा सूरही उरत नाही. माणूस अजून तिच्या पायरीशी उभा आहे.

मातीचा चौक

मातीवर लिहिणं नदीपेक्षा अवघड जातं, कारण ‘काळी आई’ हा शब्द जिभेवर तयारच असतो. तो आला की पुढच्या ओळी आपोआप येतात आणि त्या कुणाच्याही असतात. कृष्णाकाठी मातीचं जे रूप आहे त्याला लोक ‘मळी’ म्हणतात. पूर ओसरला की काठच्या रानात गाळाचा थर राहतो, तीच मळी. मळीच्या रानातली वांगी प्रसिद्ध आहेत. आता नदी आणि माती वेगळ्या लिहाव्या लागत नाहीत. एकीने दुसरी आणून दिली आहे.

मळीची काळोखी । माती तू आणली ।
वांग्याला चढली । जांभळाई ॥

अभंगात वांगं येऊ शकतं का, असं कुणी विचारेल. सावता माळ्यांनी भाजीच्या मळ्यातच विठाई पाहिली, तेव्हा हा प्रश्न सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मिटला आहे. उलट वांग्यासारखी वस्तू आली की ‘माती पवित्र आहे’ हे म्हणावं लागत नाही. काळ्या गाळातून जांभळा रंग वर चढला, एवढं दिसलं की पुरे.

या चौकात काळाकडे मी मुद्दाम लक्ष ठेवलं. ‘आणतेस’ असं लिहिलं नाही, ‘आणली’ लिहिलं. धरणं झाली की गाळ बराचसा वरच अडतो, खाली पूर्वीइतका येत नाही. ‘आणतेस’ म्हटलं तर ओळ अर्धी खरी राहते. ‘धरणांनी गाळ अडवला’ असं म्हटलं तर अभंगाचा लेख होतो. भूतकाळात ठेवल्याने उपकाराची आठवणही राहते आणि ज्याला उणीव जाणवायची त्याला ती जाणवते.

पुराचा चौक

आजच्या निसर्गभक्तीत नदी नेहमी दीन असते. ती आजारी, ती रडणारी, तिला वाचवायचं. हे चित्र ज्या कवितेत येतं तिथे भक्ती टिकत नाही, कारण वाचवणारा मोठा होतो आणि देव लहान. काठच्या माणसाला कृष्णा अशी माहीत नाही. ऑगस्ट 2019चा महापूर सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनी पाहिला आहे. जिची भीती वाटते तिलाच आपल्याकडे ओटी भरतात.

नृसिंहवाडीला ही भीती आणि भक्ती एकाच पाण्यात आहे. पावसाळ्यात कृष्णा चढते, मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लोक वाट पाहत असतात. उत्सवमूर्ती आधीच वर हलवलेली असते. पूर येणं हेच तिथे देवाचं स्नान आहे.

पुराने पादुका । घेतल्या पोटाशी ।
दक्षिणद्वाराशी । देव न्हाला ॥

इथे कवीला फार काही करावं लागलं नाही. जे घडतं ते क्रमाने सांगितलं. ‘पोटाशी’ या शब्दाने मात्र पुराची आई झाली. बुडवणं आणि पोटाशी घेणं यांत तिच्या लेखी अंतर नाही, हे मला सांगायचं होतं.

याच चौकाची एक पडलेली आवृत्ती सांगतो, कारण चूक शिकण्यासारखी आहे. तिच्यात चौथं चरण ‘कोप तुझा’ असं होतं. कोप म्हटलं की लगेच कारण आठवतं: अतिक्रमण, वाळूउपसा, पूररेषा. चरण चारच अक्षरांचं, पण ते वाचणाऱ्याला थेट बातमीत नेऊन सोडतं. शिवाय ज्यांची घरं बुडाली त्यांना हा तुमच्यावरचा कोप आहे असं सांगणं कठोरपणाचं आहे. ‘देव न्हाला’ यात कुणाला शिक्षा नाही.

झाडाचा चौक

वाडीला औदुंबर आहे, म्हणून झाड तिथलंच घेतलं. उंबराचं फूल दिसत नाही. फळ म्हणून आपण जे पाहतो त्याच्या आतच बारीक फुलं असतात, आणि इवल्या माशा आत शिरून परागीभवन करतात. वनस्पतिशास्त्रातली ही माहिती आहे, पण ती ज्याला कळली त्याला भक्तीची ओळ आयतीच मिळते.

उंबराचे फूल । आतल्या आतच ।
फुले तो तसाच । भाव माझा ॥

वृक्षांवरच्या रचनांत सावली, फळ, प्राणवायू अशी उपयोगांची यादी येते. ‘प्राणवायू देतो’ हे तर हमखास. उपयोग सांगून पूज्य ठरवणं म्हणजे देवाची किंमत ठरवणं, असं मला वाटतं. देवराईत कुऱ्हाड चालत नाही, अनेक ठिकाणी पडलेली फांदीही कुणी घरी नेत नाही. तिथला नियम उपयोगावर उभा नाही. देव तिथे राहतो, म्हणून. झाडाच्या अभंगाला त्या नियमाचा बाज हवा. झाड काय देतं हे विसरून झाड कसं आहे ते पाहावं.

आणि मग घाण

प्रश्न उरतोच. नदी मैली आहे, आणि खऱ्या भक्ताला त्याचं दुःख नाही असं कसं म्हणावं? ते लपवलं तर रचना गुळमुळीत होते. बोललं तर व्याख्यान. या कोंडीतून वाट आपल्या परंपरेतच आहे, आणि ती फार जुनी आहे.

अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात पहिलंच सूक्त भूमीचं आहे, त्रेसष्ट ऋचांचं. त्यात एके ठिकाणी जमीन खणणारा माणूस बोलतो. तिचा घाव लवकर भरून यावा आणि आपल्या हातून तिच्या मर्माला इजा होऊ नये, अशी तो प्रार्थना करतो. खणणं त्याने सोडलेलं नाही, कारण पोट आहे. इतरांना ‘खणू नका’ असंही तो सांगत नाही. घाव घालणारा आणि क्षमा मागणारा एकच आहे, आणि ज्याला घाव लागला त्याच्याशीच तो बोलतो आहे. वारकरी संतांनी ‘पतित’ म्हणून आधी स्वतःलाच उभं केलं, त्याची जातही हीच. दोष सांगायचा तर प्रथमपुरुषी एकवचनात.

माझिया हातीचे । निर्माल्य तू नेले ।
काय काय दिले । तुज आई ॥

‘काय काय दिले’ दोन्ही बाजूंनी वाचता येतं. फुलं दिली, दिवे दिले. आणि बाकीचंही दिलं. यादी करायची नाही. यात ‘प्लास्टिक’, ‘रसायन’, ‘सांडपाणी’ आलं तर काय होईल, हे गाऊन बघावं. भजनात गायकाची ओळ टाळकरी झेलतात, तीच पुन्हा म्हणतात, लय वाढली की आणखी वेगात म्हणतात. एक ओळ सहज आठ-दहा वेळा फिरते. ‘सांडपाणी’ हा शब्द दहा वेळा म्हणताना तोंड बसतं. ‘काय काय दिले तुज आई’ मात्र प्रत्येक फेरीला वेगळं लागतं. तिसऱ्यांदा म्हणताना माणसाला स्वतःचं काहीतरी आठवतं. रचना व्याख्यान झाली आहे का, हे ओळखायची मला माहीत असलेली सगळ्यात भरवशाची कसोटी हीच. माहिती एकदा ऐकली की संपते. आळवणी परतून म्हटली की वाढते.

कारखान्यांचं पाणी नदीत येतं त्याचा दोष भक्ताने स्वतःच्या माथी का घ्यावा, असा रास्त आक्षेप यावर आहे. घ्यायचा नाहीच. तो प्रश्न विचारायलाच हवा, पण त्याची जागा वेगळी आहे. खडसवायला आपल्याकडे भारूड आहे, एकनाथांनी त्याला मोठं केलं. उपदेशाचे स्वतंत्र अभंग आहेत. कीर्तनात निरूपण आहे. गाडगे महाराज दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात समोरच्या लोकांना थेट प्रश्न विचारायचे. कडक बोलायला ही सगळी जागा मोकळी आहे. एकाच रचनेत आळवणी आणि झाडणी दोन्ही करू गेलं की दोन्ही दुबळी होतात. एखाद्या मंडळाने नदीकाठी कार्यक्रम करायचा तर आधी भारूड ठेवावं, त्यात नावानिशी बोलावं, आणि शेवटी अभंग. अभंगावर भारूडाचं ओझं टाकू नये.

शेवटचा चौक

शेवटी नाममुद्रा येते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ उसनं घेता येत नाही. आजच्या लिहिणाऱ्यांना स्वतःचं नाव घालायला संकोच वाटतो, मग ते मुद्रा गाळतात. गाळू नये. बोलणारा कोण आहे हे त्या चरणात ठरतं, आणि तो खालच्या पायरीवर उभा आहे की व्यासपीठावर, हेही. इथे मी ‘काठकर’ अशी मुद्रा घेतली.

काठकर म्हणे । नाव तुझे घेतो ।
पायरी झाडतो । रोज तुझी ॥

‘झाडतो’ की ‘झाडावी’, यावर मी बराच अडलो होतो. ‘पायरी झाडावी सर्वांनी’ असं लिहिलं की पहिल्या नमुन्याच्या चौकात परत गेलो. ‘झाडतो’ म्हणजे मी करतो एवढंच. ते म्हणणाऱ्याने खरंच केलं पाहिजे, ही अट मात्र त्या ओळीत लपलेली आहे. जो झाडत नाही त्याने हा चौक गाऊ नये, दुसरा रचावा.

असे सहा चौक झाले, प्रत्येकी बावीस अक्षरांचे. संपूर्ण अभंगात आज्ञार्थी क्रियापद एकही नाही. ही दुसरी कसोटी घरी बसून करता येते. रचना झाली की ‘करा’, ‘ठेवा’, ‘नका’, ‘वाचवा’ या शब्दांखाली रेघ मारावी आणि ते कुणाला उद्देशून आहेत ते पाहावं. देवाला उद्देशून असतील तर ती प्रार्थना आहे, राहू द्यावेत. माणसांना असतील तर तो चौक कापून भारुडासाठी बाजूला ठेवावा.

कृष्णा, गोदा, भीमा, इंद्रायणी यांच्या नावावर रचना आहेत. येरळा, माण, मांजरा यांच्यावरच्या रचना त्या मानाने कमीच कानावर येतात. आपल्या गावाजवळून वाहणाऱ्या नदीला किंवा ओढ्याला आरती आहे का, ओवी आहे का, हे आधी गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. असेल तर उतरून घ्या. नसेल तर बावीस अक्षरांचा एक चौक रचा, आणि छापायला देण्याआधी भजनी मंडळात गाऊन पाहा.